चिरा दिसायला हवा, पण घर तेच राहायला हवं : आमच्या रेंडरिंग स्टुडिओची वाटचाल

2011 साली कोल्हापुरात दोन टेबलं आणि एक जुना संगणक घेऊन आम्ही सुरुवात केली. तेव्हा काम सरळ होतं. वास्तुविशारदाने ऑटोकॅडची फाईल द्यायची, आम्ही स्केचअपमध्ये मॉडेल उभं करायचं, व्ही-रेमध्ये रात्रभर रेंडर लावून घरी जायचं. सकाळी येऊन बघावं तर कधी चित्र झालेलं असे, कधी लाईट गेलेली असे. त्या दिवसांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. तेव्हा सगळेच तसं करत होते.

2023 मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्र काढणारं AI मॉडेल आमच्या ऑफिसात आलं, आणि त्याच वर्षी आलेल्या कंट्रोलनेटमुळे ते आमच्या उपयोगाचं झालं. त्याआधी हे मॉडेल घर सुंदर काढायचं, पण आमचं घर काढायचं नाही. कंट्रोलनेटला रेषाचित्र दिलं की तो त्या रेषांना धरून चित्र काढतो. स्केचअपमधून रेषा बाहेर काढायच्या, त्याला द्यायच्या, शब्दांत साहित्य सांगायचं, की पाच मिनिटांत चित्र. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पहिलं मोठं काम मिळालं सावंतवाडीकडच्या एका घराचं. बैठं घर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, सागवानी खिडक्या, पुढे चार खांबांची पडवी. मालकांचा आग्रह एकच: "चिरा उठून दिसला पाहिजे, गिलावा नको." पहिल्या चित्रात भिंती आल्या त्या लालसर रंग फासल्यासारख्या, चिऱ्याचे सांधे जेमतेम. मग आमच्या मुलाने (म्हणजे ऑफिसातल्या, घरचा नव्हे) शब्दाभोवती कंस घालायला सुरुवात केली.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या AUTOMATIC1111 या स्क्रीनवर एखादा शब्द कंसात टाकला की त्याचं वजन, म्हणजे चित्रावरचा जोर, 1.1 पट होतं. दोन कंस म्हणजे 1.21, तीन म्हणजे 1.33, चार म्हणजे 1.46. चौकोनी कंस टाकला की उलट, 1.1 ने भागलं जातं. आकडा थेटही लिहिता येतो, `(laterite:1.2)` असा. आमच्या मुलाने चार कंस टाकले होते. चिरा असा काही उठून आला की सगळे खूश. मालकांनी चित्र व्हॉट्सॲपवर सगळ्या भावकीला पाठवलं.

त्या चित्रात पडवीला दोनच खांब होते. मधले दोन गेले होते, आणि खिडक्यांच्या डोक्यावर सरळ लिंटेलऐवजी हलकीशी कमान आली होती. दगड इतका छान दिसत होता की कुणीच खांब मोजले नाहीत, मीसुद्धा नाही. साइटवर चार खांब उभे राहिले तेव्हा मालक म्हणाले, "चित्रात दोन होते, मला तसंच हवंय." वास्तुविशारद मॅडमनी आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पुढची दोन कामं त्यांनी दुसरीकडे दिली, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर आठवडाभर बसून, काम बंद ठेवून, हे नेमकं का होतं ते शोधलं. उत्तर दोन ठिकाणी होतं.

पहिलं ठिकाण शब्दाच्या वजनाचंच. 'लॅटेराइट', म्हणजे आपला जांभा, हा शब्द मॉडेलला फक्त दगड म्हणून माहीत नसतो. ज्या फोटोंतून ते शिकलं, त्यात हा दगड जुन्या तटबंद्या, पडके वाडे, कमानी यांच्यासोबत आला असणार. वजन वाढवलं की दगड येतोच, पण त्याचं सगळं बिऱ्हाडही येतं: कमानी, जाड भिंती, बारक्या खिडक्या, कधी कधी आकाशालाही तांबूस झाक. शिवाय या स्क्रीनवर वजन लावल्यावर सगळ्या शब्दांची सरासरी पूर्वीच्या पातळीवर आणली जाते. म्हणजे एकाला वर उचललं की बाकीचे थोडे खाली बसतात. चिरा 1.46 वर नेला तेव्हा पडवी, खांब, खिडकी हे शब्द आपोआप हळू झाले. कम्फीयूआय या दुसऱ्या स्क्रीनवर ही बरोबरी केली जात नाही, त्यामुळे तिथे तोच आकडा आणखी जोरात लागतो. एका स्क्रीनवरचा आकडा दुसरीकडे तसाच उचलू नका. आम्ही उचलला होता.

दुसरं ठिकाण आम्हाला उशिरा सापडलं, आणि माझ्या मते खरा दोष तिथेच होता. मुळात चिरा दिसत का नव्हता? शब्द कमी पडत होता म्हणून नाही. आम्ही कंट्रोलनेटला जे रेषाचित्र देत होतो, त्यात भिंत म्हणजे चार रेषा आणि मध्ये मोकळी जागा. रेषा पूर्ण जोराने, शेवटच्या स्टेपपर्यंत लागू ठेवल्या की मॉडेल त्या मोकळ्या जागेचा अर्थ 'इथे रेघ नाही' असाच घेतं. आणि चिऱ्याचे सांधे म्हणजे रेघाच ना! एका हाताने आपण सांधे पुसत होतो आणि दुसऱ्या हाताने कंस वाढवत होतो. दोघांच्या ओढाताणीत बळी खांबांचा गेला.

उपाय साधा निघाला. चित्र पायरी-पायरीने तयार होतं. आकार आणि मांडणी सुरुवातीच्या स्टेप्समध्ये बसते, पोत नंतर. म्हणून `Control Weight` 1 वरच ठेवायचं, पण `Ending Control Step` 1 वरून 0.65 च्या आसपास आणायचं. पहिल्या दोन-तृतीयांशात घर जागेवर बसतं, उरलेल्या वेळात भिंतीला सांधे उमटायला मोकळीक मिळते. खूप लवकर सोडलं, समजा 0.4 ला, तर पागोळीची रेषा वाकडी होऊ लागते. उलट `Control Weight` 1.4 च्या वर नेलं तर चित्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. हे केल्यावर चिरा 1.2 मध्ये दिसायला लागला. चार कंसांची गरजच नव्हती.

त्या घरासाठी शेवटी ठरलेला मजकूर असा:

```
photo of a single-storey house with a pillared verandah,
(squared red laterite block walls, thin mortar joints:1.2),
(teak wood windows:1.1), (clay tile roof:0.9),
grey stone plinth, overcast monsoon light
```

यात कौलाचं 0.9 बघा. चिरा आणि कौल दोन्ही तांबडे. कौलाला पूर्ण जोर दिला की दोघांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि छप्पर भिंतीवर उतरल्यासारखं दिसतं. चिरा आणखी वाढवण्यापेक्षा त्याच्या भांडखोर शेजाऱ्याला थोडं गप्प केलं तर काम कमी नुकसानीत होतं. सागवान दुय्यम, म्हणून 1.1. जोतं, उजेड यांना काहीच नाही. तीन-चार साहित्यांना एकदम 1.3 दिला की कुणीच पुढे येत नाही, सगळा बाजार होतो. घराच्या आकाराच्या शब्दांना आम्ही वजन देत नाही. आकार रेषांनी सांगायचा, शब्दांनी ओरडून नाही.

आकडा ठरवतो कसा, तेही सांगतो. `Seed`, म्हणजे चित्राची सुरुवात ज्या आकड्यावरून होते तो, एकच ठेवायचा, नाहीतर फरक वजनामुळे पडला की नशिबामुळे ते कळत नाही. मग `X/Y/Z plot` मध्ये `Prompt S/R` निवडून असं द्यायचं:

```
joints:1.2, joints:1.05, joints:1.35, joints:1.5
```

पहिला तुकडा मजकुरात शोधला जातो आणि पुढचे एकेक त्याच्या जागी बसतात. एका ओळीत चार चित्रं मिळतात. आमच्या घराच्या ओळीत 1.05 ला सांधे पुसट होते, 1.2 ला ठीक, 1.35 ला दगड मोठे झाले आणि खिडकीची चौकट भिंतीत बुडायला लागली, 1.5 ला कमान आली. आता दर कामात ही ओळ काढतो, कारण दगड बदलला की आकडाही बदलतो.

चित्र बिघडलं आहे हे डोळ्यांना कळत नाही, पहिल्या कामात ते सिद्धच झालं. म्हणून दोन तपासण्या ठेवल्या आहेत. पहिली: मूळ रेषाचित्र फोटोशॉपमध्ये तयार चित्रावर मल्टिप्लाय करून टाकायचं. पागोळी, खांब, खिडक्यांच्या कडा रेषेवर बसल्या पाहिजेत, आणि खांब व खिडक्या बोट ठेवून मोजायच्या. दुसरी मला जास्त आवडते: दाराशेजारी चिऱ्याचे थर मोजायचे. सांध्यासकट एक थर आठ इंच धरला तर सात फुटी लिंटेलपर्यंत दहा-अकरा थर आले पाहिजेत. चित्रात सहाच आले तर दगड फुगलाय. अशा वेळी घर प्रत्यक्षाहून बुटकं भासतं आणि मालकाला साइटवर गेल्यावर 'काहीतरी वेगळंय' एवढंच वाटत राहतं.

शब्दांची निवडही वजनाइतकीच लागते. आमच्या काळ्या दगडासाठी आम्ही आधी सरळ 'बेसाल्ट' लिहिलं, तर भिंतीवर षटकोनी खांबांचे कडे उगवले. बाहेरच्या जगात त्या नावाने जे फोटो काढले जातात ते तसेच असतात. तो शब्द सोडून `squared dark grey stone masonry` लिहिलं तेव्हा भिंत आली, तीही काही वजन न देता. कडप्पा, शहाबादी ही नावं तर चालतच नाहीत; रंग, चकाकी आणि फरशीचा आकार सांगावा लागतो. वजन चुकीच्या शब्दाला दिलं की चूकच मोठी होते.

आणि हे सगळं एका पिढीच्या मॉडेलांचं आहे. गेल्या काही काळात आम्ही फ्लक्स या नंतरच्या मॉडेलवर काही कामं करतो. तिथे कंसांचा फारसा उपयोग होत नाही, वाक्यात नीट सांगावं लागतं: कुठली भिंत, कुठला दगड, किती उंचीपर्यंत. नवीन मुलं तिथेही सवयीने कंस घालतात.

सध्या आम्ही पाच जण आहोत. त्या मॅडमनी वर्षभराने पुन्हा काम दिलं, देवगडकडचं एक दुमजली घर. चित्र तपासलं, खांब मोजले, थर मोजले, सगळं रेषेवर. साइटवर चित्राची मोठी प्रिंट घेऊन गेलो. गवंडीकाकांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दगड झकास हा, पण सांधमोड खंय हा?" बघितलं तर खालच्या चिऱ्याच्या सांध्यावर बरोबर वरच्या चिऱ्याचा सांधा, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत उभी सरळ रेघ. तिथे 1.2 करा नाहीतर 1.4, काही फरक पडला नाही. दर्शनी भिंतींवर आता आम्ही थर हाताने आखून टाकतो, दर घराला साधारण अर्धा दिवस जातो.