‘नको’ म्हणायची सोय

“संशोधनासाठी जेलमध्ये जाऊन तुम्ही कैद्यांशी बोलता, फॉर्मवर सही घेता. पण तो माणूस तुम्हाला नाही म्हणू शकतो का? आणि तो जे सांगतो ते खरंच तुमच्यापाशी राहतं?”

म्हणू शकतो, पण तशी सोय आपण आधी करून ठेवली असली तरच. नाहीतर तो माझ्यासमोर येऊन बसेपर्यंत त्याचं ‘हो’ दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं.

कसं ते सांगते. वरून परवानगीचं पत्र आलं की अधीक्षक ते जेलरकडे देतात, जेलर हवालदाराला सांगतात, “मॅडम आल्यात, दहाएक जण आणा.” हवालदार बराकीच्या दाराशी जाऊन नावं पुकारतो. आत नाव पुकारलं जातं ते कोर्टाच्या तारखेसाठी, घरचं कुणी भेटायला आलं म्हणून, नाहीतर काहीतरी तक्रार झाली म्हणून. कशाला बोलावलंय हे विचारायची तिथे पद्धत नाही. माणूस उठतो, येतो, हात मागे बांधून उभा राहतो. “बसा” म्हटलं तरी आधी हवालदाराकडे बघतो. मी माहितीपत्रक वाचायला लागले की दुसऱ्याच वाक्याला म्हणतो, “हो मॅडम, सही कुठं करू?” नव्या संशोधकाला हे सहकार्य वाटतं. मला ती धोक्याची खूण वाटते.

शिवाय ते दहा जण कोण असतात तेही बघा. ऑफिसात लिखापढी करणारे, कैद्यांतूनच नेमलेले वॉर्डर, चार शब्द नीट बोलणारे. त्यांची शिक्षेतली माफी, त्यांचं काम, फर्लोच्या रजेच्या अर्जावरचा शेरा, सगळं याच ऑफिसातून जातं. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. बहुतेकांना खरंच मदत करायची असते. पण अशा यादीतून आलेला माणूस साहेबांना नाही म्हणू शकत नाही, आणि मी साहेबांबरोबर आलेली असते.

म्हणून मी यादी घेत नाही, नोंदवहीतले अनुक्रमांक मागते आणि ठरावीक अंतराने नावं निवडते. निवडलेला प्रत्येक जण एकेकटा येतो आणि प्रत्येकाला साधारण तेवढाच वेळ बसवते, बोलणाऱ्यालाही आणि नको म्हणणाऱ्यालाही. बाहेर उभ्या हवालदाराला एवढंच दिसतं की सगळे आत गेले आणि अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर आले. कोण बोललं, कोण नाही, हे त्याला कळायला मार्ग राहत नाही. नको म्हणणाऱ्याशी गावाच्या, पावसाच्या गप्पा होतात. एक तरुण पोरगा म्हणाला होता, “बोलायचं नाही मला, पण पंख्याखाली बसलो तर चालेल ना?” बसला. उन्हाळ्यातल्या बराकीतून बाहेर पडायला मिळणं हेसुद्धा आमिष असतं, आणि ते काढून टाकता येत नसेल तर सगळ्यांना सारखं द्यावं.

पैशांचं तसंच. बाहेर मुलाखतीसाठी बुडालेल्या रोजाएवढी रक्कम देणं रास्त मानतात. आत ती रक्कम कॅन्टीनच्या कितीतरी दिवसांची होते, आणि मग माणूस पैशासाठी नको ते सांगून बसतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५० च्या सुरुवातीपासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर औषधं आणि रसायनं तपासली गेली. कैद्यांनी सह्या केल्या होत्या, पैसेही घेतले होते, कारण आत कमाईचा दुसरा कुठलाच मार्ग तेवढं देत नव्हता. अशा प्रकारांचा गाजावाजा झाल्यावर १९७८ मध्ये तिथे कैद्यांवरच्या संशोधनाचे वेगळे नियम आले. त्यात दोन अटी मला फार नेमक्या वाटतात: मिळणारा फायदा इतका मोठा नको की तुरुंगातल्या हलाखीपुढे माणसाला धोका तोलताच येऊ नये, आणि पॅरोल ठरवणाऱ्यांनी संशोधनातला सहभाग विचारात घ्यायचा नाही, हे कैद्याला आधीच स्पष्ट सांगायचं.

आपल्याकडे ही दुसरी गोष्ट सांगून भागत नाही, परत विचारावी लागते. सगळं समजावून झालं की मी म्हणते, “आता तुम्ही मला सांगा, माझ्याशी बोललात तर तुमच्या केसचं काय होईल?” यावर “काय नाय, तुम्ही पुस्तकासाठी लिहिताय” असं आलं तर पुढे जायचं. “जामिनाचं बघाल ना ताई?” असं आलं तर पहिल्यापासून सुरू करायचं, आणि तरीही तेच आलं तर मुलाखत घ्यायची नाही. त्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाची माहिती द्यायची, ती मात्र बोललेल्या आणि न बोललेल्या सगळ्यांना सारखीच.

आता दुसरा प्रश्न. इथे मी नवख्या विद्यार्थ्यांना जरा घाबरवतेच. “तुमचं नाव कुठेही येणार नाही, सगळं गुप्त राहील” हे वाक्य आपल्या माहितीपत्रकांत सर्रास छापलेलं असतं, आणि जेलच्या बाबतीत ते खरं नाही.

पहिलं कारण साधं. दिल्लीच्या १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या एका दोषीची तिहारमध्ये घेतलेली मुलाखत २०१५ मध्ये माहितीपटातून बाहेर आली आणि वादळ उठलं. त्याचं अपील तेव्हा सर्वोच्च न्यायालयात पडून होतं, हे फारसं कुणी लक्षात घेतलं नाही. त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सूचना धाडल्या. त्यांनुसार मुलाखतीला वापरलेली उपकरणं अधीक्षकांच्या ताब्यात द्यायची, त्यांनी तीन दिवसांत ऐकून-बघून आक्षेपार्ह भाग काढून टाकायचा. म्हणजे रेकॉर्डर लावला की पहिला श्रोता अधीक्षक. जेवणाबद्दल, मारहाणीबद्दल, पैसे मागणाऱ्याबद्दल कैदी काय बोलला, ते त्याच माणसाच्या टेबलावर जाणार ज्याच्या हाताखाली तो राहतो. ध्वनिमुद्रण करायचंच असेल तर हे कैद्याला आधी सांगायला हवं. मी करत नाही, टिपणं काढते, त्यात नाव नाही आणि केस नंबरही नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे, आणि ते कमी लोकांना माहीत असतं. डॉक्टर, पत्रकारांचं काहीही असो, संशोधकाला आपल्या कायद्यात असं काही संरक्षण नाही की कोर्टाने बोलावलं तरी मी सांगणार नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खासगी व्यक्तीपुढे दिलेली कबुली चालू शकते. कोर्ट तिच्याकडे सावधपणे बघतं, तो दुबळा पुरावा मानला जातो, पण चालू शकते. आणि मी खासगी व्यक्तीच आहे. त्यातून खून, दरोडा असल्या गुन्ह्यांची माहिती असलेल्या माणसाने ती द्यायची हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सोचं कलम १९ तर सवलतच ठेवत नाही.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चारांतले तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालू असलेले. त्यांच्याशी बोलताना माझा नियम एकच आहे: गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही. वकील कधी भेटला, तारखेला नेतात का, घरचे येतात का, आजारी पडलात तर काय होतं, एवढं पुष्कळ असतं. पण माणसाला मोकळं व्हायचं असतं. खुनाच्या आरोपातला एक जण वकिलाबद्दल सांगता सांगता म्हणाला, “खरं सांगू का ताई, त्या रात्री मी...”

मी पेन खाली ठेवलं आणि त्याला हाताने थांबवलं. म्हटलं, “दादा, हे मला नका सांगू. उद्या कोर्टाने मला बोलावलं तर मला खोटं बोलता येणार नाही. वकिलाला सांगा, त्याच्याशी बोललेलं कायद्याने झाकलेलं असतं.” तो थोडा दुखावला. असं थांबवणं उद्धटपणा वाटतो, चांगला मजकूर हातचा जातो हेही खरं. तरी थांबवावं. मी पुढे काय ऐकलं असतं ते माहीत नाही आणि तेच बरं आहे.

हे अतिरेकी वाटत असेल तर बोस्टन कॉलेजचं उदाहरण बघा. २००१ ते २००६ मध्ये त्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांतल्या माणसांच्या मुलाखती टेप केल्या, त्यात तुरुंग भोगून आलेले होते. तुम्ही हयात असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही, असा शब्द दिला होता. २०११ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकेत समन्स निघाले, विद्यापीठ कोर्टात लढूनही काही टेप पोलिसांच्या हाती गेले, २०१४ मध्ये अटका झाल्या. पुढे २०१९ मध्ये एका खटल्यात न्यायालयाने टेप पुरावा म्हणून स्वीकारले नाहीत, पण तोवर बोलणाऱ्यांचा व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता.

नाव वगळून लिहिलं तरी माणूस ओळखता येतो, ही आणखी एक गोष्ट. “सासूच्या खुनात शिक्षा झालेली, दोन मुलांची आई, शिक्षिका” असं लिहिलं की महिला बराकीतली प्रत्येक बाई आणि प्रत्येक हवालदारीण ओळखते कोण ते. मग व्यवसाय बदलायचा, मुलं एक करायची, कधी दोघींचं मिळून लिहायचं, आणि असं केलंय हे निबंधात सांगायचं.

सगळ्यात अवघड जागा मारहाणीची. एखादा सांगतो, परवा अमुकाने मारलं, आणि शर्ट वर करून दाखवतो. मी संध्याकाळी गेटबाहेर पडते, तो त्याच बराकीत जातो. मी अधीक्षकांकडे गेले तर रात्री त्याचं काय होईल ते मला दिसणार नाही. म्हणून आधी त्यालाच विचारायचं: वकिलाला कळवू का, तुरुंगाला भेट देणाऱ्या न्यायाधीशांपुढे तुम्ही बोलाल का, की तुमची बदली होईपर्यंत थांबू? जिवावरचा प्रसंग असेल तर मी त्याच्या परवानगीसाठी थांबणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. इथे दोन बाजूंचं वजन सारखं नसतं, आणि मी कितीही चांगली वागले तरी ते सारखं होत नाही.

फॉर्मवर “कधीही माघार घेऊ शकता” असं असतं. कशी घेणार? फोन त्याच्या हातात नाही, पत्र जेलमध्ये वाचून बाहेर जातं. त्यामुळे दुसरी भेट मी आधीच ठरवून घेते, सगळ्यांशी, काही दिवसांनी. तेव्हा विचारते, तुमचं बोलणं ठेवू का काढू? विचार करायला मिळालेल्या त्या दिवसांत काहींनी घरच्यांशी, वकिलाशी बोलून घेतलेलं असतं, आणि “काढा” म्हणणारे निघतातच. त्यांचं पान मी समोरच फाडते. ऑफिसला त्या दिवशीही एवढंच दिसतं की सगळे आत गेले, सगळे बाहेर आले.