दारातली दहा मिनिटं

रविवार, रात्रीचे सव्वादहा

लेक झोपली. थंडी आहे, दोन गोधड्या लागल्या. आज सिन्नरहून आत्या येऊन गेल्या, म्हणून हे लिहून ठेवतेय.

दिवाळीतलं आधी लिहायला हवं, तेव्हा लिहायचं धाडस झालं नव्हतं. भाऊबीजेला घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्या दारात, मागे त्यांची सून, नातवंडं. मी म्हटलं, "आत्याआजींच्या पाया पड." ती माझ्या पायाला बिलगली. मी परत म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का गं?" सगळे हसले. मग मी तिच्या मानेवर हात ठेवून तिला वाकवलं. साडेतीन वर्षांच्या मुलीची मान किती ताठ होऊ शकते ते तेव्हा तळहाताला कळलं. ती रडली नाही. दिवाणाखाली जाऊन बसली आणि आत्या जाईपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर बेल वाजली की ती आतल्या खोलीत पळायला लागली. आधी माणसाची भीती होती, आता बेलचीही. पळालं की जीव हलका होतो, आणि तो हलकेपणाच पुढच्या वेळी पुन्हा पळायला शिकवतो. हे मला पंचवटीतल्या बालवाडीत शिकवणाऱ्या माझ्या नणंदेनं समजावलं. "वहिनी, ती हट्ट करतेय की गोठलीय, ते आधी बघा," ती म्हणाली. खेळ सोडून उठायचा कंटाळा आलेलं मूल तोंड वाकडं करतं, "नाही" म्हणतं, तुमच्याकडे बघतं. गोठलेल्या मुलाचा चेहरा कोरा होतो, नजर जमिनीला, खांदे वर, बोट तोंडात. तेव्हा आवाज खरंच फुटत नाही. आपण पुन्हापुन्हा सांगतो तसा तो आणखी आत जातो, कारण आता समोर पाहुणेही आहेत आणि सगळ्यांचे डोळेही.

अशी मुलं काही नवी नाहीत. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोनं १९५६ पासून वर्षानुवर्षं मुलांचे स्वभाव टिपले. त्यांच्या पाहणीत साधारण शंभरातली पंधरा मुलं हळूहळू रुळणाऱ्या स्वभावाची निघाली. नव्या माणसापासून आधी मागे सरायचं, दुरून बघायचं, आणि घाई केली नाही तर आपणहून जवळ यायचं. मी ते वाचलं आणि मला माझी मुलगी दिसली. वळण लावलं नाही म्हणून ती गप्प होती असं नव्हे, तिला फक्त वेळ लागत होता. आणि आपण तिच्याकडून सगळ्यात अवघड गोष्ट सगळ्यात आधी मागत होतो, तीही दारात.

म्हणून आजची तयारी कालपासून. फोनवर आत्यांचे फोटो दाखवले. बाहुली दारात आली, अस्वलानं तिला हात हलवून दाखवला, मग मी बाहुली झाले. तिला दोनच पर्याय दिले: हात हलवायचा, की मनुकांची वाटी नेऊन द्यायची? "वाटी," ती म्हणाली. आणि रात्री आत्यांना फोन केला. तेच जड गेलं.

"आत्या, उद्या आल्या आल्या तिला काही विचारू नका. उचलू नका, गालाला हात लावू नका. थोडा वेळ तिच्याकडे लक्षच नाही असं करा."

पलीकडे शांतता. मग, "अगं, मी काय परकी का?"

"तिच्यासाठी वर्षातून दोनदा भेटणारं माणूस परकंच ना, आत्या. तुमच्याजवळ तिनं यावं असं मला वाटतं, म्हणून सांगतेय."

"बरं," म्हणाल्या. मला रात्रभर रुखरुख लागली.

साडेअकराला बेल वाजली. ती पळाली, पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच. मी आत्यांच्या पाया पडले, हे तिनं पाहिलं. आत्यांना म्हटलं, "तिला थोडा वेळ लागतो, येईल ती." लाजाळू हा शब्द मुद्दाम टाळला. दिवाळीपासून तो ती स्वतःबद्दल वापरायला लागलीय, "मी लाजाळूये" म्हणते, आणि तिथेच थांबते.

वाटी तिच्या हातात दिली. ती हलली नाही. मी मनात पाच आकडे मोजले. हे नणंदेनं शिकवलंय: विचारल्यावर लगेच आपण तिच्या वतीनं बोलायचं नाही, पाच सेकंद थांबायचं. नाहीतर मुलाला कळतं की मी गप्प बसले की आई बोलते. पाच झाले. ती तशीच. मग मी एवढंच म्हटलं, "वाटी इथे ओट्यावर ठेवते, नंतर बघू," आणि विषय सोडला. रागावणं नाही, लाडीगोडी नाही. आत्यांच्या पिशवीत संक्रांतीच्या तिळाच्या वड्या होत्या. "आधी बोल मग वडी" हे ओठांवर आलेलं गिळलं. एक वडी नुसतीच दिली.

आत्यांनी काय केलं? मटारची पिशवी ओढून जमिनीवर बसल्या आणि सोलायला लागल्या. तिच्याकडे बघितलं नाही. स्वतःशीच बोलाव्यात तशा, "ही शेंग पोचट. हिच्यात सातच." प्रश्न एकही नाही. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, नुसत्या बोलण्याला द्यावं लागत नाही. दहा मिनिटांनी लेक पडद्यामागून चटईच्या कडेला आली. एक शेंग उचलली, त्यांच्यापुढे ठेवली. आत्यांनी ती सोलली आणि दाणे तिच्यापुढे ठेवले.

तेवढ्यात सासूबाई, "बघा, आली की नाही गुणाची!" प्रेमानंच म्हणाल्या. पण सगळ्या माना वळल्या आणि ती पुन्हा पडद्यामागे. कौतुकसुद्धा तेव्हा उजेडासारखं डोळ्यांवर पडतं. मी आईंना हातानं खूण केली. त्या गप्प झाल्या, आणि पुढे त्याही शेंगा सोलायला बसल्या, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दुसऱ्यांदा यायला तिला पाचच मिनिटं लागली. जेवणाच्या वेळी ती आत्यांना सांगत होती, "याच्यात नऊ आहेत."

उद्धटपणा चालवून घ्यायचा असा याचा अर्थ नाही. परवा ती शेजारच्या काकूंना "तू जा" म्हणाली, तेव्हा मी तिथल्या तिथे, आवाज न चढवता सांगितलं, "असं बोलायचं नाही. नको वाटलं तर माझ्याजवळ ये." गप्प राहायची मुभा आहे, टोचून बोलायची नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवलीय: बालवाडीत ती बोलते. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत, सुरुवातीचा महिना सोडूनही, महिनाभराहून जास्त काळ एक शब्द बोलत नसेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून न देता बालमानसतज्ज्ञांना दाखवावं, असं नणंद म्हणाली.

निघताना आत्यांनी लांबूनच हात हलवला. मी तिला काहीच सांगितलं नाही. जाताना सोपं जातं, तोवर ओळख झालेली असते. रिक्षा वळणावर पोचली तेव्हा ती गॅलरीच्या गजांतून दोन्ही हात बाहेर काढून हलवत होती. आत्यांना दिसलं की नाही कोण जाणे. फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, "दिसलं गं. मी मुद्दाम रिक्षा थांबवली नाही."

मनुकांची वाटी अजून ओट्यावरच आहे. झोपताना ती म्हणाली, ती आत्याआजीची, ठेवून दे.