साडेतीन रुपयांचा फरक

लागोसच्या आपापा बंदरात कंटेनर उतरला होता, भाड्याविना ठेवायचे दिवस संपत आले होते, आणि उरलेले २०,००० डॉलर हातात आल्याशिवाय माल सोडवायचा कागद, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, सोडायचं नाही यावर अण्णा ठाम होते. शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री आहे. डिझेल इंजिनांची सिलिंडर हेड आणि लायनर बनवतात. एकूण २५,००० डॉलरचा माल होता, त्यातले ५,००० आगाऊ आले होते, तेही बँकेतूनच. बाकीची रक्कम गिऱ्हाईक देत नव्हता असं नाही. त्याच्याकडे नायरा तयार होते, डॉलर मिळत नव्हते. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला, त्यानंतर तो कोसळला, आणि छोट्या आयातदाराला बँकेतून डॉलर मिळवणं म्हणजे आठवडे मोजणं झालं. त्यामुळे त्याने सुचवलं, यूएसडीटी घ्या, आज संध्याकाळी पाठवतो. यूएसडीटी म्हणजे टेथर कंपनीचं डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो नाणं, ज्याला स्टेबलकॉइन म्हणतात.

मी शाहूपुरीत सीएची प्रॅक्टिस करतो. निर्यातदारांची कागदपत्रं हे माझ्या कामाचं मोठं अंग आहे. जुलै २०२५ मधली ही गोष्ट. अण्णा आणि त्यांचा मुलगा सकाळीच ऑफिसला आले. मुलाने फोन पुढे केला. मुंबईतला एक एजंट एका यूएसडीटीला ८९ रुपये ५० पैसे द्यायला तयार होता. त्या दिवशी बँकाबँकांमधला डॉलरचा दर ८६ च्या आसपास होता.

"काका, बघा की. बँक ८५.२० देत्येय आणि हा साडेएकोणनव्वद. आणि दोन मिनिटांत काम होतंय."

वेगाबद्दल त्याचं म्हणणं खरंच होतं. आदल्या रात्री गिऱ्हाइकाने चाचणी म्हणून १० यूएसडीटी पाठवले होते आणि ते मिनिटभरात वॉलेटमध्ये दिसले होते. ट्रॉन नेटवर्कवर दर तीन सेकंदांना नवा ब्लॉक बनतो, साधारण मिनिटात व्यवहार पक्का धरतात. पाठवणाऱ्याला खर्च येतो तो फार तर दोन-चार डॉलर, आणि १० पाठवा की २०,०००, तेवढाच. बँकेच्या तारेला, म्हणजे वायर ट्रान्सफरला, ही सर नाही.

मी कागद घेतला आणि दोन्ही बाजू मांडल्या, कारण अण्णांना आकडा दिसल्याशिवाय पटत नाही.

बँकेची बाजू अशी. २०,००० डॉलर निघाले की मधली न्यूयॉर्कची बँक आपले २५ डॉलर कापते, हातात १९,९७५ येतात. बँकेचा जाहीर दर, म्हणजे कार्ड रेट, ८५.२० धरला तर १७,०१,८७०. त्यावर चलन बदलल्याचा जीएसटी. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. दहा लाखांवरच्या रकमेला ५,५०० अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्के एवढं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. इथे तो १,११६ रुपये झाला. बँकेची हाताळणी हजारभर. हातात १६,९९,७५०. बाजारभावाने १७,२०,००० व्हायला हवे होते, म्हणजे बँकेमार्गे सव्वावीस हजार गेले. त्यातले फीचे म्हणून दिसणारे सव्वाचार हजार, आणि न दिसणारे १६,००० त्या ८० पैशांत. लोक फीवर भांडतात आणि ८० पैसे मुकाट्याने देतात, हे मी रोज पाहतो.

एजंटच्या बाजूला सरळ १७,९०,०००. बँकेपेक्षा ९०,००० जास्त.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, या नव्वदातले वीस बँकेचे आहेत, ते कसे वाचवायचे ते सांगतो. उरलेले ७०,००० कोण देतंय आणि का, ते आधी बघू.

आपल्याकडे यूएसडीटी डॉलरपेक्षा महाग विकला जातो, कारण बँकेत न जाता डॉलर हवे असणारे लोक आहेत. बँकेतून बाहेर पाठवायचे तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पॅन लागतो, कारण सांगावं लागतं. ज्याला कारण सांगायचं नाही, तो वर साडेतीन रुपये मोजतो. आणि अशा गिऱ्हाइकांत सायबर फसवणुकीचे रुपये लवकरात लवकर देशाबाहेर काढायचे असलेलेही असतात. एजंट आपले यूएसडीटी अशा कुणाला तरी देणार आणि त्यांचे रुपये आपल्या खात्यात टाकणार.

"पैसे कुणाच्या खात्यातून येणार, विचारलंस का त्याला?" मी मुलाला विचारलं.

त्याने चॅट दाखवलं. एजंटने लिहिलं होतं, आयएमपीएसने चार-पाच वेगवेगळ्या खात्यांतून येतील, नावांकडे लक्ष देऊ नका.

मग मी माझ्याकडच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं स्टेटमेंट काढलं, नाव झाकून. इचलकरंजीचा माणूस, त्यानेही असेच विकले होते. पाच जमा नोंदी, पाच अनोळखी माणसं, सगळी बचत खाती, सगळी परराज्यातली. तीन आठवड्यांनी त्यातल्या एका रकमेवर दुसऱ्या राज्यातल्या कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनला फसवणुकीची तक्रार केली. पोलीस पैशाचा माग काढत खात्यांमागून खाती बघत येतात. बँकेने त्याच्या चालू खात्यावर लियन लावला, म्हणजे पैसे अडवून ठेवले, आणि त्या आठवड्याचा पगार अडकला. रक्कम गेली नाही, पण सोडवायला महिने गेले आणि परराज्यातल्या पोलीस ठाण्यात खेपा झाल्या. मुलाने ती पानं दोनदा वाचली.

"म्हणजे हे साडेतीन रुपये लियनचे?"

बरोबर ओळखलं त्याने.

दुसरी गोष्ट अण्णांच्या जास्त जवळची होती. निर्यातीचे पैसे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अधिकृत डीलर बँकेतूनच यायला हवेत. यूएसडीटी हे परकीय चलन म्हणून धरलं जात नाही. निर्यातीचे पैसे आले की नाही हे बघणाऱ्या ईडीपीएमएस प्रणालीत शिपिंग बिल उघडं असतं. बँकेतून पैसे आले, त्यावर `P0102` हा पर्पज कोड पडला, की ते मिटतं. मग बँक विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, पोर्टलवर नोंद टाकते आणि त्यावरून निर्यातदार ई-बीआरसी, म्हणजे पैसे आल्याचा दाखला, काढतो. वॉलेटमध्ये कितीही यूएसडीटी पडले तरी हे बिल उघडंच राहतं. निर्यातीवर सरकार परत देतं ते ड्रॉबॅक आणि रोडटेपचे अण्णांचे ४०,००० च्या घरात होते, पैसे मुदतीत आले नाहीत तर ते परत भरावे लागतात. पिग आयर्न आणि भंगारावरच्या जीएसटीचा परतावा त्यांनी घेतला होता, सव्वा लाखाच्या वर, तोही व्याजासकट मागता येतो. ९०,००० च्या फायद्यासमोर हे मांडल्यावर अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला त्या दिवसातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. एजंटला खात्री म्हणून त्याने त्या १० मधले ५ यूएसडीटी पाठवले होते. त्यानंतर काही मिनिटांतच वॉलेटच्या इतिहासात शून्य रकमेचा एक व्यवहार आला होता. पत्ता एजंटचाच वाटत होता. पहिली चार आणि शेवटची पाच अक्षरं तंतोतंत तीच. मधली अक्षरं मात्र वेगळी. वॉलेट मधला भाग टिंबांनी झाकतं, म्हणून फरक दिसत नाही. पुढच्या वेळी माणूस इतिहासातून पत्ता उचलतो आणि २०,००० चोराकडे जातात. परत बोलवायची सोय नाही. चुकीच्या खात्यात गेलेली तार बँक निदान मागे मागू शकते. टेथर कंपनी पत्ता गोठवू शकते हे खरं, पण ते साधारण पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या सांगण्यावरून, आणि तोवर पैसे पुढे गेलेले असतात. मुलाला मी पत्त्याची मधली दहा अक्षरं मोठ्याने वाचून ताडायला सांगितलं. दुसऱ्याच अक्षराला तो थांबला.

किमतीच्या धोक्यावर मी थोडकंच बोललो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या अशाच दुसऱ्या नाण्याच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते आणि एक डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या आसपास आलं होतं. दोन-तीन दिवसांत ते सावरलं. तासाभरासाठी हातात धरणाऱ्याला याची फारशी भीती नाही. महिनाभर साठवून ठेवणाऱ्याला आहे.

पण गिऱ्हाइकाची अडचण तर खरी होती, कंटेनर तर बंदरात होता. मला स्टेबलकॉइनला सरसकट नावं ठेवायची नव्हती. लागोसच्या माणसाला नायरातून डॉलरमध्ये यायला त्याच्यापुढे हाच जलद रस्ता होता. प्रश्न एवढाच, की हा रस्ता कुठे संपवायचा. माझं उत्तर, भारताच्या सीमेबाहेरच. म्हणून मी त्याला फोनवर विचारलं, दुबईत परवाना असलेली एखादी पेमेंट कंपनी वापरतोस का? वापरत होता. तो त्यांना यूएसडीटी देईल, त्या बदल्यात कंपनी आपल्या बँकेतून खरे डॉलर तारेने पाठवेल. खर्च एक टक्का, २०० डॉलर, तो त्याने स्वतःवर घेतला, कारण बंदरातलं भाडं त्याहून जास्त झालं असतं.

यात मेख होती. पैसे तिसऱ्याच्या नावाने येणार होते. रिझर्व्ह बँक निर्यातीचे पैसे तिसऱ्या पक्षाकडून येऊ देते, पण तारेनेच, आणि पाठवणारा एफएटीएफचे, म्हणजे काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, नियम पाळणाऱ्या देशातला हवा. संयुक्त अरब अमिराती फेब्रुवारी २०२४ मध्ये करड्या यादीतून बाहेर पडली आहे, त्यामुळे ती अट अडत नव्हती. आम्ही दुपारीच बँकेच्या फॉरेक्स विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी तीन गोष्टी मागितल्या: तिघांच्या सह्यांचा करार, कंपनीच्या परवान्याची प्रत, आणि इन्व्हॉइस नंबर तारेच्या मजकुरात. मंगळवारी संध्याकाळी हे पुरं झालं, तेव्हाच गिऱ्हाइकाने यूएसडीटी सोडले.

बुधवारी दुबईहून तार निघाली, गुरुवारी सकाळी डॉलर आपल्या बँकेत आले. तरी दुपारपर्यंत अडकले, कारण नाव जुळत नाही म्हणून मुंबईहून विचारणा आली. करार आधीच दिलेला असल्याने ती तासाभरात मिटली. पाठवणाऱ्याने सगळा खर्च आपल्याकडे घेतला होता, त्यामुळे पूर्ण २०,००० उतरले.

आणि दर. पैसे पडण्याआधीच अण्णांनी मॅनेजरना सांगितलं, कार्ड रेटने घेणार नाही, सीसीआयएलच्या एफएक्स-रिटेल या चलनाच्या ऑनलाइन बाजारावर दर बघून बसलोय. ८५.८५ मिळाला, म्हणजे बाजारापेक्षा १५ पैसे कमी. १७,१७,००० मधून जीएसटी आणि हाताळणी जाऊन १७,१४,८८०. पहिल्या हिशोबापेक्षा १५,००० वर, आणि त्यातले १३,००० एका फोनचे.

शुक्रवारी ई-बीआरसी निघाली आणि बिल ऑफ लेडिंग सरेंडर झालं. पुढच्या ऑर्डरच्या प्रोफॉर्म्यात मुलाने दोन ओळी घातल्या आहेत: पैसे तिसऱ्याकडून येणार असतील तर त्याचं नाव माल निघण्याआधी कळवायचं, आणि तारेचा सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. वॉलेटमधले उरलेले ५ यूएसडीटी त्याने गिऱ्हाइकालाच परत केले, पत्ता अक्षर-अक्षर वाचून.