तेलाखाली दडलेली लसणाची पाकळी

«घरच्या लोणच्यातून बोट्युलिझम होऊ शकतो का हो? आम्ही तर मीठ घालतो, वर चांगलं चार बोटं तेल ओततो. मग भीती कसली?»

होऊ शकतो, पण सगळ्याच लोणच्यांतून नाही. मुळात आंबट फळाचं लोणचं असेल, उदाहरणार्थ लिंबाचं, तर या एका आजाराची धास्ती घ्यायचं कारण नाही. मला काळजी वाटते ती लसणाच्या लोणच्याची, आणि त्यातही ज्यात आंबट काहीच नाही, नुसतं तेल नि थोडं मीठ आहे अशा लोणच्याची. प्रश्न विचारणारे बहुतेक जण तेलावर भिस्त ठेवून असतात, म्हणून तेलापासूनच सुरुवात करते.

हा आजार ज्याच्या विषामुळे होतो तो क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत राहतो, आणि लसूण मातीतच वाढतो. परिस्थिती प्रतिकूल असली की हा जिवाणू बीजाणूच्या रूपात स्वस्थ पडून असतो. बीजाणू पोटात गेले तरी मोठ्या धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. धोका असतो तो बीजाणू बरणीतच रुजले, वाढले आणि त्यांनी तिथे विष तयार केलं तर. रुजायला त्यांना ओलावा हवा, आंबटपणा कमी हवा, ऊब हवी आणि हवा मात्र अजिबात नको. आता तेलात बुडालेल्या पाकळीकडे पाहा. तिच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे, तिचा सामू, म्हणजे पीएच, 5.5 ते 6 च्या आसपास आहे आणि वरच्या तेलाने हवा अडवली आहे. तेलामुळे बुरशी लागत नाही हे खरंच आहे, कारण बुरशीला हवा लागते. पण ज्या अडथळ्याने बुरशी थांबते, त्यानेच या जिवाणूची सोय होते.

1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नेमकं हेच घडलं. एका उपाहारगृहात तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवून वापरला जात होता. त्यातून 36 जणांना बोट्युलिझम झाला. खाणारे आपापल्या गावी पांगले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांवर आधी भलत्याच आजाराचे उपचार झाले.

«पण आम्ही लसूण तेलात परतून घेतो» असं लगेच कुणीतरी म्हणतं. तेल कितीही कडकडीत असो, पाकळीच्या आत पाणी शिल्लक आहे तोवर आतलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत; त्यांना 121 अंशांची वाफ लागते, म्हणजे प्रेशरखालची. परतल्याने मरतात ते इतर साधे जिवाणू, आणि मग बीजाणूंना स्पर्धाच उरत नाही.

मिठाचं म्हणाल, तर मीठ काम करतं, पण ते किती आहे हे लोणच्याच्या एकूण वजनावर नव्हे, त्यातल्या पाण्यावर मोजायचं. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे तेल हिशेबात धरायचंच नाही. पाव किलो सोललेला लसूण घ्या. त्यात साधारण 150 ग्रॅम पाणी असतं. केवळ मिठाच्या जोरावर हा जिवाणू रोखायचा तर पाण्याच्या भागात जवळपास 10 टक्के मीठ हवं, म्हणजे 17 ग्रॅम, आणि तेही प्रत्येक पाकळीच्या गाभ्यापर्यंत मुरलेलं. चहाचा एक चमचा मीठ जेमतेम 6 ग्रॅम भरतं, म्हणजे 4 टक्क्यांच्याही खालीच. हल्ली रक्तदाबामुळे लोणच्यातलं मीठ कमी करणारे बरेच भेटतात. त्यांचं कारण रास्त आहे, पण मीठ कमी केलं की त्याची जागा आंबटाने भरून काढायलाच हवी.

माझा खरा विश्वास आंबटपणावर आहे. सामू 4.6 किंवा त्याखाली असेल तर हे बीजाणू रुजून विष करू शकत नाहीत. मात्र हा आकडा फोडीच्या आतला हवा, नुसत्या खाराचा नाही. 1997 साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये एकाने घरी उकडलेली अंडी व्हिनेगरमध्ये मुरत घातली होती. त्याआधी ती टोचून घेतली होती आणि बरणी बाहेरच, अधूनमधून उन्हात राहिली. तपासणीत खाराचा सामू 3.5 निघाला, म्हणजे उत्तम. तरीही त्या माणसाला बोट्युलिझम झाला, आणि विषाचं प्रमाण खारापेक्षा पिवळ्या बलकात कितीतरी जास्त सापडलं. टोचण्याने बीजाणू बहुधा आत गेले आणि आंबट तिथवर वेळेत पोहोचलं नाही.

म्हणून अख्ख्या पाकळ्यांवर लिंबू पिळून लगेच तेल ओतणं मला पटत नाही. आयडाहो विद्यापीठाने तपासलेली रीत अशी आहे: लसूण अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास बारीक चिरायचा, लसणाच्या तिप्पट वजनाचं 3 टक्के सायट्रिक ॲसिडचं पाणी घ्यायचं आणि त्यात लसूण किमान 24 तास बुडवून ठेवायचा. आपल्या पाव किलोला साधारण 730 ग्रॅम पाणी आणि 23 ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागेल. तुकडे वर तरंगतात, त्यांच्यावर काहीतरी दाब ठेवा. मग निथळून घ्या आणि त्यानंतरच तेल. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आम्लही तेलात उतरत नाही. आधी तेलाचा थर बसला तर नंतर ओतलेलं आंबट तळाशी साचून राहतं.

खात्री करायची असेल तर 3 ते 6 दरम्यान वाचता येणाऱ्या पीएच पट्ट्या मिळतात. पट्टी बरणीत बुडवू नका, तेल लागलं की ती चुकीचं दाखवते. तेल घालण्यापूर्वी सर्वांत जाड तुकडा घ्या, धुवा, ठेचा, दोन थेंब शुद्ध पाणी घालून त्यावर पट्टी टेकवा. मी 4.2 च्या खाली आल्याशिवाय पुढे जात नाही. पट्टीचा रंग डोळ्यांनी वाचताना थोडं इकडेतिकडे होतंच. आंबटात न मुरवलेला लसूण तेलात घातलाच असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

वास किंवा चव घेऊन ओळखता येईल, असं समजू नका. बरणी फसफसली, झाकण फुगलं तर ती टाकाच, पण काहीच न दिसणाऱ्या, छान वास येणाऱ्या लोणच्यातही विष असू शकतं. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते: तेलाबाहेर उघड्या राहिलेल्या फोडींवर बुरशी आली तर ती आम्ल खाऊन तिथला सामू वर नेते. वरची बुरशी काढून खालचं खाणं म्हणून धोक्याचं. विष उकळल्याने नष्ट होतं हे खरं, पण लोणचं आपण पानात वाढल्यावर उकळत नाही.

लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ अडखळते, घास गिळवत नाही, मग अशक्तपणा मानेकडून खाली उतरत जातो. ताप सहसा नसतो, शुद्ध हरपत नाही. असं झालं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि तेलातलं काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना आपणहून सांगा. प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितका लकवा पसरायचा थांबतो. घरातल्या इतरांनी तीच बरणी उघडली होती का, हे त्याच वेळी विचारा, आणि ती बरणी धुऊ नका, चाखू नका. बंद करून तपासणीसाठी सोबत न्या.