फ्लॅग बंद केला, तर मधली विक्री कुठे जाते?

सोलापुरात टॉवेलचा ठोक व्यवहार डझनात चालतो, म्हणून आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्येही `qty` या कॉलममध्ये पहिल्यापासून डझनच साठवले जायचे. अडीच डझन असतील तर 2.5. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार आणि गावातले ठोक दुकानदार एवढेच ग्राहक होते, तोवर यात काही अडत नव्हतं. पुढे काही दुकानदार सुटे नगही विकू लागले आणि साठा नगांत ठेवायचं ठरलं. ती पुल रिक्वेस्ट आमच्या टीम लीड सरांनी लिहिली आणि रिव्ह्यूसाठी माझ्याकडे आली.

कोड नीटनेटका होता, टेस्ट सगळ्या पास होत्या. मी थांबले ती मायग्रेशनच्या एका ओळीपाशी:

```sql
UPDATE stock SET qty = qty * 12;
```

ही ओळ चालली की 2.5 चे 30 होतात. नव्या कोडला ते तीस नग वाटतात आणि ते बरोबरच आहे. पण काही कारणाने नवा कोड मागे घ्यावा लागला, तर जुना कोड त्याच 30 ला तीस डझन समजणार. दुकानात टॉवेल तीस आणि स्क्रीनवर तीनशे साठ. दुकानदार त्या भरवशावर ऑर्डर घेऊन बसेल.

मी कमेंटमध्ये ‘फ्लॅग लावा’ असं लिहिलं नाही. तसं लिहिलं की समोरच्याला तो नुसता नियम वाटतो. मी विचारलं, “डिप्लॉय झाल्यावर संध्याकाळी हे मागे घ्यायचं ठरलं, तर दिवसभरात झालेल्या बिलांचं काय होईल?”

सर खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी आले. “अगं, एवढ्यासाठी कशाला फ्लॅग? रिव्हर्ट मारू की. आणि आकडे बाराने भागून टाकू.”

मी वहीत एक हिशेब मांडून दाखवला. आमचे दोन सर्व्हर एकामागून एक अपडेट होतात, म्हणजे थोडा वेळ जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालतो. समजा साठा तीस डझन आहे. मायग्रेशननंतर तो 360 झाला. तेवढ्यात जुन्या सर्व्हरवरून दोन डझन विकले गेले. त्याने 360 मधून 2 वजा केले, राहिले 358. खरं तर 336 राहायला हवे होते. आता बाराने भागलं तर 29.83 डझन येतात, म्हणजे 28 नाहीतच. कोणता व्यवहार कोणत्या कोडने केला हे कुठेही नोंदलेलं नाही, त्यामुळे ही चूक नंतर शोधून काढणंही अवघड.

मग मी त्यांना नाइट कॅपिटलचं उदाहरण सांगितलं. १ ऑगस्ट २०१२ रोजी या अमेरिकी ब्रोकर कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नव्हता. नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला होता, त्यामुळे त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला. गोंधळ दिसल्यावर त्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, आणि मग तिथेही जुना कोड चालू लागला. सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून जास्त नुकसान झालं. कोड मागे घेतल्यानेच तिथे परिस्थिती आणखी बिघडली, हा भाग मला सरांना दाखवायचा होता. फ्लॅगचं नाव नवं हवं आणि परतीची वाट आधी चालून पाहिलेली हवी, हे त्यांना पटलं.

मग आम्ही बदलाचे तुकडे केले. पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये `qty_pieces` हा नवा कॉलम आला आणि `qty` जशाच्या तसा राहिला. प्रत्येक विक्री दोन्ही कॉलममध्ये लिहायची, फ्लॅग चालू असो वा बंद. हे दोन्ही सर्व्हरवर पोचल्यानंतरच जुन्या नोंदी भरून घेतल्या. पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये `stock_in_pieces` हा फ्लॅग आला. तो फक्त एवढंच ठरवतो की साठा वाचायचा कोणत्या कॉलममधून. तो दुकानानुसार चालू करता येतो, सुरुवातीला सगळीकडे बंद असतो, आणि बिल सुरू होताना एकदाच वाचला जातो. बिलाच्या मध्येच फ्लॅग बदलला, तर अर्धं बिल डझनात आणि अर्धं नगांत व्हायला नको.

दोन्हीकडे लिहिण्यात एक बारीक खोच होती आणि माझ्या मते सगळ्या रिव्ह्यूतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. `qty` ला दशांशानंतर दोनच घरं आहेत. एक सुटा टॉवेल म्हणजे 0.0833 डझन, पण कॉलममध्ये बसतात 0.08. प्रत्येक विक्रीला 0.08 वजा करत गेलो तर? दहा डझनांतून बारा सुटे टॉवेल गेले की 9.04 राहतात, त्याचे नग 108.48, जवळचा पूर्णांक 108. बरोबर. तेरावा गेला की 8.96, त्याचे नग 107.52, पूर्णांक 108. खरे राहिलेत 107. म्हणजे फ्लॅग बंद करून जुन्या कॉलमवर परत आलो असतो तर एक टॉवेल जास्त दिसला असता. उपाय सोपा होता: सुटी विक्री `qty` मधून वजा करायचीच नाही. आधी `qty_pieces` कमी करायचं आणि `qty` दर वेळी त्याला बाराने भागून नव्याने लिहायचं. मग चूक साचत नाही आणि नगांचा पूर्णांक नेहमी बरोबर परत मिळतो.

रोलबॅक प्लॅन आम्ही पुल रिक्वेस्टच्या वर्णनातच लिहिला: फ्लॅग कोण बंद करू शकतं, कोणत्या खुणेवर बंद करायचा, आणि बंद केल्यावर काय तपासायचं. ‘काही बिघडलं तर’ ही खूण होत नाही, म्हणून सरळ क्वेरीच दिली:

```sql
SELECT item_id, qty, qty_pieces
FROM stock
WHERE qty_pieces IS DISTINCT FROM ROUND(qty * 12);
```

साधं `<>` वापरलं असतं तर `qty_pieces` रिकामा राहिलेल्या ओळी निकालात आल्याच नसत्या, आणि आम्हाला नेमक्या त्याच पाहायच्या होत्या. एकही ओळ आली तर त्या दुकानाचा फ्लॅग आधी बंद करायचा, कारण नंतर शोधायचं. स्टेजिंगवर फ्लॅग चालू करून विक्री केली, बंद करून विक्री केली, परत चालू केला आणि क्वेरी रिकामी येते का ते पाहिलं.

पहिल्या दुकानात फ्लॅग चालू केला त्या दुपारीच क्वेरीत ओळी आल्या. परत आलेल्या मालाची नोंद करणारी स्क्रीन नेहमीच्या फंक्शनमधून न जाता थेट `qty` मध्ये लिहीत होती. कोड शोधताना ती कुणाच्याच नजरेत आली नव्हती. फ्लॅग बंद केला, डिप्लॉय करावं लागलं नाही, दुकानदाराचं बिलिंग चालूच राहिलं. त्या ओळींत `qty` खरा होता, म्हणून त्यावरून `qty_pieces` पुन्हा भरला, स्क्रीन दुरुस्त केली आणि मग फ्लॅग परत चालू केला.

या प्लॅनलाही मर्यादा आहे. `qty` कॉलम काढून टाकला की फ्लॅगने परत येता येत नाही. म्हणून ते काम वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये ठेवलंय. सगळी दुकानं नव्या कॉलमवर असताना एक पूर्ण महिनाअखेर आणि प्रत्यक्ष साठामोजणी पार पडली, की आधी फ्लॅग आणि जुना वाचनाचा कोड काढायचा, आणि तो डिप्लॉय स्थिरावल्यावर कॉलम. ते तिकीट सरांनी स्वतःच्या नावावर घेतलंय.