आमची वाटचाल: भागीदाराचा हिस्सा आणि साडेचौदा टक्के

शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीच्या चांगल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. इंडक्शन भट्टी चालू राहिली, पंपांच्या केसिंगचं ओतकाम वेळेवर गेलं. कंपनी मोडायला आली ती पहिल्या भागीदाराच्या हिश्श्याच्या किमतीवरून. ती किंमत काढायला आधी इक्विटीचा दर, म्हणजे भागधारकाने धंद्याकडून किती टक्के परतावा मागावा, ते ठरवावं लागतं.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, शेअर बाजारात नाही, म्हणजे बाजाराच्या चढउताराबरोबर शेअर किती हलतो ते सांगणारा स्वतःचा बीटा नाही. मोठ्या फाउंड्रीचा बीटा उसना घ्यावा तर आमचा निम्मा माल एकच पंपवाला उचलतो. पडत्या काळात याच माणसाने आगाऊ पैसे दिले, पण त्याने हात आखडला तर अर्धी भट्टी थंड. ही जोखीम कुठल्याच उसन्या बीटात येत नाही.

भागीदाराच्या सीएने लाभांशवाढीचं सूत्र लावलं. शेअरमागे कमाई २० रुपये, लाभांश १२. उरलेला ४०% नफा धंद्यात, त्यावर परतावा १५%, म्हणून वाढ ६%. पुढचा लाभांश १२.७२ रुपये. तो भागीदाराने शेअरमागे मागितलेल्या १५० रुपयांनी भागला, ८.४८% आले, त्यात ६ मिळवून इक्विटीचा दर १४.४८%. मग त्याच दराने शेअरची किंमत काढली, ती १५० आली. येणारच! बाजारभाव नसताना किंमत घालून दर आणि दर घालून किंमत, म्हणजे घाण्याचा बैल.

शिवाय लाभांशाचा आकडाही भरवशाचा नव्हता. २०२० पासून लाभांशावरचा कर भागधारकाच्या खिशातून जातो, त्यामुळे आमच्यासारख्या घरच्या कंपन्यांत पैसा बऱ्याचदा संचालकांच्या पगाराच्या वाटेने बाहेर पडतो. तो पगार बाजारभावाला आणल्याशिवाय लाभांश हातात धरू नये.

आम्ही कर्जाच्या दरावर भागधारकाच्या जादा जोखमीचा प्रीमियम चढवला. बँकेचं मुदत कर्ज साडेदहा टक्क्यांचं, पण त्यामागे जमीन आणि संचालकांची वैयक्तिक हमी. तो दर कंपनीचा नव्हे, तारणाचा. विनातारण कर्जाला १३% सांगितले, तोच पाया धरला, करसवलत वजा न करता. भागधारकाला परतावा करबचतीतून मिळत नाही, हे बरेच जण विसरतात. अनुदानित व्याजाचा दरही इथे चालत नाही.

त्यावर रूढीने ३ ते ५ टक्के चढवतात. आम्ही एका ग्राहकावरच्या भिस्तीमुळे ४ घेतले. झाले १७%. १२.७२ ला १७ वजा वाढीचे ६, म्हणजे ११ टक्क्यांनी भागलं की ११५.६४ रुपये.

या पद्धतीचं दुखणं त्या ४ मध्येच आहे. ३ धरले तर किंमत १२७ वर जाते, ५ धरले तर १०६ वर येते. म्हणून आकड्यामागचं कारण लेखी ठेवा. दुसऱ्या बाजूचा आकडाही याच फूटपट्टीवर तपासता येतो: १४.४८ म्हणजे विनातारण सावकारापेक्षा जेमतेम दीड टक्का जास्त, आणि धंदा बुडाला तर भागधारक रांगेत सर्वांत शेवटी.

हे दाखवल्यावर सीए गप्प झाला, भागीदार झाला नाही. सौदा १२८ ला ठरला. उलटं मोजलं तर प्रीमियम ३ टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. तो आम्हाला आजही कमी वाटतो.