पोच सही होण्याआधी

फोटो होता एका लाकडी खोक्याचा. एक फळी मधोमध मोडलेली, वर दाखवणारा बाण आडवा झालेला. खाली एकच शब्द: ‘क्लेम’. पाठवणारे होते नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या एका ग्राहकाचे स्टोअरकीपर. विमा ब्रोकरच्या ऑफिसात क्लेमचं काम मी बघते. या कारखान्याच्या पॉलिसी आमच्याकडे दोन: आगीची आणि मालवाहतुकीची. त्यामुळे क्लेम कशाखाली आणि कोणावर, हे त्या एका शब्दावरून कळणं शक्य नव्हतं.

फोटो मोठा करून पाहिला. खोक्यामागे दुसऱ्यांच्या मालाच्या गोण्या रचलेल्या होत्या आणि जमीन उखडलेल्या कोब्याची होती. कारखान्याच्या स्टोअरची फरशी मी पाहिलेली आहे. म्हणजे खोकं अजून ट्रान्सपोर्टच्या गोदामातच होतं. लगेच फोन केला.

“भाऊ, पोच पावतीवर सही केली का?”

“आता करतोच आहे मॅडम. टेम्पो थांबलाय.”

“थांबा. आधी पावतीवर लिहा, ‘खोक्याची फळी तुटलेली, माल तपासलेला नाही’. मग सही.”

माझ्या मते सगळ्यात मोलाचा पुरावा ही एक ओळ. कोरी सही केली की माल सुस्थितीत पोचला असं ट्रान्सपोर्टवाला म्हणू शकतो, आणि मग मोडतोड आपल्या टेम्पोत झाली नाही हे आपल्याला दाखवत बसावं लागतं.

गोदामातला क्लार्क शेरा लिहू देईना. ओपन डिलिव्हरी, म्हणजे त्यांच्यासमोर खोकं उघडून पंचनामा, तीही नको म्हणाला. मग तिथूनच कारखान्याच्या ईमेलवरून ट्रान्सपोर्टच्या शाखेला दोन ओळी पाठवायला सांगितल्या: बिल्टी नंबर, खोक्याची अवस्था, शेरा नाकारल्याचा उल्लेख, सोबत फोटो. ईमेल पोचल्यावर क्लार्क नरमला आणि शेरा पडला. खोकं न उघडता कारखान्यात नेऊन तसंच ठेवायला सांगितलं, एक खिळाही काढायचा नाही.

मग कागद मागवले. आत होता मिरजेकडून आलेला हार्डनेस टेस्टर, म्हणजे धातूची कठीणता मोजणारं यंत्र, किंमत १,१०,००० रुपये. बिलावर अट ‘एक्स-वर्क्स’, म्हणजे माल विकणाऱ्याच्या दारातून निघाला की जोखीम आमच्या ग्राहकाची. विकणाऱ्याचीच पोचवून देण्याची अट असती, तर आमच्या पॉलिसीचा इथे संबंधच आला नसता. इथे वाहतुकीची पॉलिसी लागू होती. विमा कंपनीला त्याच दुपारी कळवलं.

बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलेलं पाहून कारखान्याच्या मालकांनी ट्रान्सपोर्टची आशाच सोडली होती. पण त्या शिक्क्याने ट्रान्सपोर्टवाला निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलेलं आहे. खरी अडचण रकमेची. बुक करताना जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर नियमांप्रमाणे जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. भाडं १,९०० रुपये, म्हणजे फार तर १९,००० मिळणार.

तरीही ट्रान्सपोर्टला रक्कम मागणारी लेखी नोटीस द्यायलाच लावली. २००७ च्या कायद्याप्रमाणे ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. पुष्कळ जण डिलिव्हरीपासून दिवस मोजतात, आणि तिथेच मुदत हुकते. विमा कंपनी भरपाई दिल्यावर ट्रान्सपोर्टकडून वसुली करते. आपण नोटीसच दिली नाही तर तिचा तो हक्क बुडतो, आणि त्यावरून ती आपला क्लेम अडवू शकते.

नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, त्यांच्यासमोर खोकं उघडलं. यंत्र वरून अगदी धड दिसत होतं, रंगावर ओरखडासुद्धा नाही. पण यंत्र तळफळीला ज्या चार बोल्टनी आवळलं होतं, त्यांतले दोन कातरल्यासारखे तुटले होते. मला हायसं वाटलं ते यामुळेच. पॅकिंग अपुरं असेल तर विमा कंपनी पैसे देत नाही, तेव्हा विकणाऱ्याशी भांडावं लागतं. इथे बोल्ट जाड होते, तळफळी भक्कम होती. असे बोल्ट तुटतात म्हणजे खोकं उंचावरून पडलं असणार, हे सर्व्हेअरनीही मानलं.

उरला प्रश्न आतल्या बिघाडाचा. विकणाऱ्याचे इंजिनिअर आले. एचआरसी ६० अशी कठीणता लिहिलेल्या टेस्ट ब्लॉकवर यंत्र ५५ दाखवत होतं. ते मिरजेहून निघतानाच बिघडलेलं नव्हतं कशावरून? त्याचं उत्तर यंत्रासोबतच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटमध्ये मिळालं. त्यावरची तारीख बुकिंगच्या आदल्या दिवसाची होती आणि तेव्हाचं रीडिंग बरोबर होतं.

दुरुस्तीचा खर्च निघाला ३८,००० रुपये अधिक जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट कारखान्याला मिळतं, म्हणून तो क्लेममध्ये धरला नाही. पॉलिसीतली एक्सेस, म्हणजे ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम, वजा करून बाकीचे पैसे विमा कंपनीने दिले आणि वसुलीचा हक्क लिहून घेतला. ट्रान्सपोर्टने नोटिशीला अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांच्याकडचे ते जास्तीत जास्त १९,००० आता विमा कंपनी मागणार, आणि त्यासाठी शेरा असलेली मूळ पोच पावती मी तिच्या फाइलला लावून दिली आहे.